पोस्टाच्या आरडीचे पासबुक कसे वाचावे : हप्ते, विलंब शुल्क, व्याजदर आणि मुदतपूर्तीची रक्कम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पोस्टाची आरडी बहुधा एजंट बाईंच्या हातून चालते. दर महिन्याला त्या दारी येतात, पैसे घेतात, कार्डावर सही करतात आणि पासबुक मात्र कित्येक महिने कपाटात किंवा त्यांच्याच पिशवीत पडून राहते. एखाद्या दिवशी ते हाती आले की रकमांची एक लांबलचक रांग दिसते, पण किती हप्ते भरले, किती राहिले, व्याज कुठे आहे आणि शेवटी किती मिळणार यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर त्या पानावर लिहिलेले नसते. ही सगळी उत्तरे पासबुकातील तीन आकड्यांवरून काढता येतात. खाते उघडल्याची तारीख, मासिक हप्त्याची रक्कम आणि शेवटची शिल्लक हे ते तीन आकडे होत. ती कशी काढायची हे खाली एकाच खात्याच्या उदाहरणावरून दाखवले आहे.

उदाहरणासाठी कोणते खाते घेतले आहे?

हे खाते ८ जानेवारी २०२४ रोजी दरमहा २,००० रुपयांच्या हप्त्याने उघडलेले आहे. खातेदार परळच्या एका चाळीत राहणाऱ्या गृहिणी आहेत असे समजू. त्यांनी १० सप्टेंबर २०२५ रोजी पासबुक उघडले, तेव्हा शेवटच्या ओळीत ३८,००० रुपये शिल्लक दिसत होती आणि त्या पानांवर जमेच्या एकूण १८ ओळी होत्या. पुढची सर्व आकडेमोड याच खात्याची आहे. आपल्या खात्यासाठी ती करताना फक्त तारीख आणि हप्त्याची रक्कम बदलावी.

पासबुकाच्या पहिल्या पानावर काय तपासावे?

पहिल्या पानावर खातेदाराचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक म्हणजेच सीआयएफ, खाते उघडल्याची तारीख, मासिक हप्त्याची रक्कम, मुदतपूर्तीची तारीख आणि नामनिर्देशनाची नोंद असते. हप्त्यांच्या हिशेबासाठी यांतील उघडल्याची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण दर महिन्याची शेवटची तारीख, व्याजाचा दर आणि मुदतपूर्तीचा दिवस या तिन्ही गोष्टी तिच्यावरूनच ठरतात. खाते धनादेशाने उघडले असेल, तर धनादेश दिल्याचा दिवस न धरता तो वटल्याचा दिवस धरला जातो. त्यामुळे ही तारीख आपल्या आठवणीपेक्षा दोन-तीन दिवस पुढची दिसली, तर ती चूक असेलच असे नाही.

हप्त्याची रक्कमही नीट पाहावी. आरडीचा हप्ता किमान १०० रुपये आणि त्यापुढे १० रुपयांच्या पटीत कितीही असू शकतो, पण एकदा ठरलेला हप्ता त्या खात्यापुरता बदलत नाही. पुढे बचत वाढवायची झाल्यास दुसरे खाते उघडावे लागते. एकाच घरात अशी दोन-तीन पासबुके असतात आणि एकाचा हप्ता दुसऱ्याच्या नावावर पडल्याची तक्रार मुख्यतः तिथेच उद्भवते. म्हणून पैसे भरताना खाते क्रमांक पाहूनच स्लिप लिहावी.

किती हप्ते भरले गेले आहेत हे कसे कळेल? ओळी मोजल्या तर चालेल का?

ओळी मोजू नयेत. पासबुक चुकीचे वाचले जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. एका दिवशी भरलेले दोन किंवा अधिक हप्ते पासबुकात पुष्कळदा एकाच ओळीत, एकाच रकमेने येतात. त्यामुळे ओळींची संख्या आणि हप्त्यांची संख्या जुळेलच असे नसते.

खात्रीची रीत म्हणजे शेवटच्या शिल्लक रकमेला मासिक हप्त्याने भागणे. आपल्या उदाहरणात ३८,००० भागिले २,००० म्हणजे १९ हप्ते. ओळी मात्र १८ आहेत. पाने मागे चाळल्यावर कारण सापडते. जानेवारी ते मे २०२४ या पाच महिन्यांत दरमहा २,००० जमा झाले आणि शिल्लक १०,००० झाली. जून २०२४ मध्ये एकही ओळ नाही. ६ जुलै २०२४ रोजी ४,००० रुपयांची एक ओळ आहे आणि शिल्लक १४,००० झाली आहे. म्हणजे जूनचा राहिलेला आणि जुलैचा चालू असे दोन हप्ते त्या दिवशी एकत्र भरले गेले. त्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून जुलै २०२५ पर्यंत बारा महिन्यांच्या बारा ओळी आहेत. पाच, एक आणि बारा मिळून ओळी १८ होतात, पण हप्ते १९ आहेत. खातेदाराने केवळ ओळी मोजल्या असत्या, तर एक हप्ता कुठे गेला म्हणून एजंट बाईंवर विनाकारण संशय घेतला गेला असता.

हा भागाकार नेहमी नि:शेष जायला हवा. शिल्लक रक्कम हप्त्याच्या अचूक पटीत नसेल, तर एखादी नोंद चुकीची झाली आहे किंवा हाताने लिहिलेली बेरीज चुकली आहे, असे समजून ते पासबुक काउंटरवर दाखवावे.

किती हप्ते भरलेले असायला हवे होते, हे कसे काढायचे?

खाते उघडले त्या दिवशी भरलेली रक्कम हाच पहिला हप्ता असतो. म्हणून उघडल्याचा महिना एक धरून आजवरचे महिने मोजावेत. जानेवारी २०२४ हा पहिला, डिसेंबर २०२४ हा बारावा, ऑगस्ट २०२५ हा विसावा आणि सप्टेंबर २०२५ हा एकविसावा महिना झाला.

आता चालू महिन्याचा हप्ता थकीत धरायचा की नाही, हे तारखेवर ठरते. खाते महिन्याच्या १ ते १५ तारखेदरम्यान उघडले असेल, तर पुढील प्रत्येक महिन्याचा हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. खाते १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडले असेल, तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुदत असते. आपले उदाहरणातले खाते ८ तारखेचे आहे, म्हणून त्याची सीमा १५. पासबुक १० सप्टेंबरला पाहिले गेले, त्यामुळे सप्टेंबरचा हप्ता द्यायचा आहे, पण तो अजून थकलेला नाही. ऑगस्टअखेर २० हप्ते भरलेले हवे होते आणि भरले आहेत १९, म्हणून फक्त ऑगस्टचा एक हप्ता थकला आहे.

ऑगस्टच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १५ ऑगस्टला पोस्ट बंद असते. ज्यांची सीमा १५ तारखेची आहे, त्यांनी त्या महिन्यात १४ तारखेच्या आतच, आणि गणपतीच्या दिवसांत तर त्याहूनही आधी, हप्ता जमा होईल असे पाहावे.

विलंब शुल्क किती लागते आणि ते पासबुकात कुठे दिसते?

दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी १ रुपया असे विलंब शुल्क आहे. २,००० रुपयांच्या हप्त्याला एका महिन्याचे शुल्क २० रुपये होते, ५०० रुपयांच्या हप्त्याला ५ रुपये. रक्कम लहान आहे आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

हे शुल्क आपल्या ठेवीचा भाग नसते. ते शिलकीत मिळवले जात नाही आणि त्यावर व्याजही मिळत नाही. म्हणूनच ६ जुलै २०२४ रोजी खातेदाराने प्रत्यक्षात ४,०२० रुपये दिले असले, तरी शिल्लक ४,००० रुपयांनीच वाढलेली दिसते. ‘मी दिलेले वीस रुपये पासबुकात का नाहीत?’ हा प्रश्न वारंवार येतो, त्याचे उत्तर हे आहे. ते वीस रुपये शोधायचे असतील, तर भरणा स्लिपची, म्हणजे एसबी-१०३ या फॉर्मची, शिक्का मारलेली प्रत पाहावी. त्या स्लिपवर आरडीचे विलंब शुल्क लिहिण्याची स्वतंत्र जागा असते. ज्या महिन्यात शुल्क भरले, त्या महिन्याची तेवढी स्लिप तरी पासबुकात जपून ठेवावी.

थकलेला हप्ता भरायला गेल्यावर एकूण किती पैसे न्यावेत?

आधी थकलेला हप्ता शुल्कासह भरावा लागतो आणि मगच चालू महिन्याचा हप्ता घेतला जातो. हा क्रम नियमाचाच आहे. मागचा महिना तसाच ठेवून चालू महिना भरता येत नाही. म्हणून आपल्या खातेदाराने १० सप्टेंबर २०२५ रोजी ऑगस्टचे २,०००, त्यावर २० रुपये शुल्क आणि सप्टेंबरचे २,००० असे ४,०२० रुपये न्यावेत. नोंद झाल्यावर शिल्लक ४२,००० दिसली पाहिजे आणि ४२,००० भागिले २,००० म्हणजे २१, हा आकडा सप्टेंबर २०२५ या एकविसाव्या महिन्याशी जुळतो. हिशेब पूर्ण झाल्याची हीच खूण आहे.

त्यांनी फक्त २,०२० रुपये नेले, तर ते ऑगस्टच्या खात्यात जातील आणि सप्टेंबरचा हप्ता बाकी राहील. १५ तारीख उलटली की त्यावरही शुल्क सुरू होईल. अनेक खात्यांत वर्षभर दर महिन्याला वीस-वीस रुपये जात राहतात, त्याचे कारण नेमके हे असते. खातेदार दर महिन्याला नेमाने हप्ता भरत असतो, पण तो कायम एक महिना मागे असतो. अशी शंका असेल, तर वरचा भागाकार करून पाहावा आणि एकदाच दोन हप्ते भरून ती साखळी तोडावी.

थकबाकी दोन-तीन महिन्यांची असेल, तर शुल्क प्रत्येक थकीत हप्त्यासाठी स्वतंत्र मोजले जाते. तो आकडा घरी अंदाजाने धरू नये. काउंटरवर खाते क्रमांक सांगून आधी रक्कम विचारावी आणि मगच स्लिप भरावी.

किती हप्ते थकल्यावर खाते बंद पडते? पासबुकावरून ते ओळखता येईल का?

सलग चार हप्ते थकले, तर खाते खंडित होते. चौथा हप्ता थकल्यापासून दोन महिन्यांच्या आत थकबाकी आणि शुल्क भरून ते पुन्हा चालू करता येते. ती मुदतही उलटली, तर त्या खात्यात पुढे एकही हप्ता घेतला जात नाही.

खाते खंडित झाले असले, तरी कपाटातल्या पासबुकात तसे काही उमटत नाही. ज्याचे पासबुक वर्षभर छापून घेतलेले नाही, त्याला हे मुदत संपेपर्यंत कळतही नाही. म्हणून असायला हवेत ते हप्ते आणि भरलेले हप्ते यांतला फरक दोनवर गेला की त्याच आठवड्यात पोस्टात जावे. चारची वाट पाहू नये.

थकलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील, तर आणखी एक मार्ग मोकळा असतो. जितके हप्ते थकले, तितक्या महिन्यांनी खात्याची मुदत वाढवून घेता येते आणि ते हप्ते वाढीव काळात भरता येतात. असे केल्यास मुदतपूर्तीची तारीख पहिल्या पानावरच्या तारखेच्या पुढे जाते, म्हणून बदललेली तारीख पासबुकावर लिहून घ्यावी.

एजंट बाईंच्या कार्डावर सही आहे, पण पासबुकात नोंद नाही. काय समजावे?

महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील अधिकृत एजंट प्रत्येक खातेदाराला एक कार्ड देते. एजंटच्या हाती रोख दिल्यावर तिने त्यावर रक्कम आणि तारीख घालून सही करायची असते. कार्डावरची सही एजंटने पैसे घेतल्याचा पुरावा आहे, तर पासबुकातील नोंद पोस्टाने ते जमा करून घेतल्याचा पुरावा आहे. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या महिन्यामहिन्याला एकमेकींशी ताडून पाहणे खातेदाराच्या हिताचे आहे.

एजंट अनेक खातेदारांचे हप्ते एकत्र यादी करून भरते. त्यामुळे तुम्ही ३ तारखेला दिलेले पैसे पोस्टात ११ तारखेला जमा झालेले दिसले, तर त्यात वावगे काही नाही. पासबुकात पोस्टात जमा झाल्याचीच तारीख येते. परंतु कार्डावर १२ तारीख आणि पासबुकात १८ तारीख असेल आणि तुमची सीमा १५ असेल, तर त्या महिन्याचे विलंब शुल्क तुमच्या उशिरामुळे लागलेले नाही. कार्डावरची तारीख दाखवून हे एजंटशी तिथल्या तिथे बोलून घ्यावे. कार्डावर सही आहे आणि दोन महिने उलटूनही पासबुकात नोंद नाही, अशी स्थिती असेल, तर कार्ड आणि पासबुक दोन्ही घेऊन थेट पोस्टमास्तरांना भेटावे.

हे एजंटवर अविश्वास दाखवणे नव्हे. पासबुक दर तीन महिन्यांनी छापून परत मागणारा खातेदार प्रामाणिक एजंटलाही सोयीचा असतो, कारण चूक लहान असतानाच सापडते. एजंटचे कमिशन सरकार देते. खातेदाराने हप्ता आणि लागू असल्यास विलंब शुल्क यांपलीकडे काहीही द्यायचे नसते.

मोबाइलवरून हप्ता भरला, पण पासबुकात दिसत नाही. असे का?

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून किंवा पोस्टाच्या इंटरनेट बँकिंगवरून भरलेला हप्ता खात्यात जमा होतो, पण कागदी पासबुकात तो पासबुक छापून घेईपर्यंत येत नाही. ॲपवर हप्ता भरताना खाते क्रमांक आणि ग्राहक क्रमांक लागतात. विलंब शुल्क लागू असेल, तर तेही तिथे वेगळे दाखवले जाते. तो स्क्रीनशॉट काढून ठेवला, तर स्लिपचे काम भागते.

पासबुकात व्याज का दिसत नाही?

शिलकीच्या रकान्यात फक्त भरलेल्या हप्त्यांची बेरीज असते. व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होत असते, परंतु ते खात्यातून मिळते मुदतपूर्तीच्या वेळी. त्यामुळे तीन वर्षे झाली तरी शिल्लक म्हणजे केवळ मुद्दलच दिसते आणि बचत खात्याच्या पासबुकाची सवय असलेल्या माणसाला व्याज बुडाल्यासारखे वाटते. ते बुडालेले नसते. उलट, शिलकीत व्याज मिसळलेले नसल्यामुळेच वरचा भागाकार इतका सोपा होतो.

माझ्या खात्याला कोणता व्याजदर लागू आहे?

सरकार अल्पबचत योजनांचे दर दर तिमाहीला जाहीर करते, पण आरडीला खाते उघडलेल्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षांसाठी लागू राहतो. नंतर दर वाढला किंवा घटला, तरी चालू खात्यावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून दर पाहण्यासाठी आजचे वर्तमानपत्र उपयोगाचे नाही, पासबुकातली उघडल्याची तारीख पाहावी.

१ एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२३ या काळात उघडलेल्या खात्यांना वार्षिक ५.८ टक्के दर आहे. एप्रिल ते जून २०२३ मधील खात्यांना ६.२ टक्के, जुलै ते सप्टेंबर २०२३ मधील खात्यांना ६.५ टक्के, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के दर सुरू झाला. आपले उदाहरण जानेवारी २०२४ चे आहे, म्हणून त्याला ६.७ टक्के. एकाच घरातील मार्च २०२३ चे आणि ऑक्टोबर २०२३ चे अशा दोन पासबुकांचे दर वेगळे असणे हे नियमाप्रमाणेच आहे.

मुदतपूर्तीला किती रक्कम मिळेल, हे घरी कसे काढावे?

दरमहा १०० रुपयांचे ६० हप्ते वेळेवर भरल्यास किती मिळतात, हा आकडा हाती असला की पुरते. ५.८ टक्क्यांनी ते ६,९६९.६७ रुपये होतात, ६.२ टक्क्यांनी ७,०४३.२७, ६.५ टक्क्यांनी ७,०९९.०७ आणि ६.७ टक्क्यांनी ७,१३६.५८. आपल्या हप्त्यात १०० रुपये जितक्या वेळा बसतात, तितक्या पटीने हा आकडा वाढवावा. २,००० रुपयांत १०० वीस वेळा बसतात, म्हणून ७,१३६.५८ गुणिले २० म्हणजे सुमारे १,४२,७३२ रुपये. त्यांपैकी भरलेले १,२०,००० आणि व्याज २२,७३२.

मधल्या काळात थकलेले जून २०२४ आणि ऑगस्ट २०२५ चे हप्ते शुल्कासह भरले गेले, म्हणून ते इथे पूर्ण हप्ते म्हणूनच मोजायचे. त्यापायी गेलेले ४० रुपये हाच त्या उशिराचा खर्च. एकही हप्ता कायमचा राहून गेला, तर मात्र वरचा गुणाकार लागू पडत नाही.

१,२०,००० वर ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांचे व्याज ४०,२०० व्हायला हवे. मग २२,७३२ च कसे?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक खातेदाराला कळायला हवे. १,२०,००० रुपये पहिल्या दिवशी भरलेले नाहीत, ते साठ महिन्यांत थोडे थोडे भरले आहेत. पहिला हप्ता पूर्ण ६० महिने व्याज मिळवतो आणि २,००० चे सुमारे २,७८८ होतात. शेवटचा, साठावा हप्ता जेमतेम एक महिना खात्यात असतो आणि २,००० चे २,०११ होतात. बाकीचे अठ्ठावन्न हप्ते या दोहोंच्या मध्ये. सरासरी पाहिली तर प्रत्येक हप्ता साडेतीस महिने खात्यात राहतो, पाच वर्षे नव्हे.

पडताळा घ्यायचा असेल, तर १ ते ६० यांची बेरीज १,८३० होते. २,००० रुपयांचे १,८३० महिने, ६.७ टक्के साध्या व्याजाने, म्हणजे सुमारे २०,४३५ रुपये. तिमाही चक्रवाढीमुळे त्यात सुमारे २,३०० रुपयांची भर पडते आणि आपण २२,७३२ वर येतो. कोणी याच दराने आरडीवर ४०,२०० मिळतील असे सांगत असेल, तर तो एकरकमी ठेवीचा हिशेब आरडीला लावत आहे.

एकदम सहा किंवा बारा हप्ते आगाऊ भरले, तर पासबुकात काय दिसते?

आगाऊ हप्त्यांवर सूट मिळते. दर १०० रुपयांच्या हप्त्यामागे सहा हप्त्यांना १० रुपये आणि बारा हप्त्यांना ४० रुपये अशी ती आहे. २,००० च्या खात्यात बारा हप्त्यांची सूट ८०० रुपये होते. खात्यात मात्र बाराही हप्ते भरलेले धरले जातात. अशा खात्यात भागाकाराचे उत्तर चालू महिन्याच्या पुढे गेलेले दिसेल आणि तेच बरोबर आहे.

शेवटचा हप्ता भरला की लगेच पैसे मिळतात का?

नाही, आणि इथली घाई महागात पडते. उदाहरणातला साठावा हप्ता डिसेंबर २०२८ मध्ये भरला जाईल, पण मुदत पूर्ण होईल ८ जानेवारी २०२९ रोजी. खाते तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येते, परंतु मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले, तरी आरडीचा दर न मिळता पोस्टाच्या बचत खात्याचा दर मिळतो. तो ४ टक्के आहे. साठही हप्ते भरून डिसेंबरअखेर खाते बंद केले, तर २२,७३२ ऐवजी बारा-तेरा हजारांच्या घरातच व्याज हाती येईल. लग्नकार्य किंवा शाळेच्या फीसाठी मध्येच पैसे लागले, तर आधी कर्जाचा विचार करावा. बारा हप्ते भरून एक वर्ष झाल्यावर, खाते खंडित नसेल तर, शिलकीच्या निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळते. त्यावर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे या खात्याला ८.७ टक्के साधे व्याज लागते. मुदत जवळ आली असेल, तर काही महिन्यांचे हे व्याज खाते मोडण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते.

मुदत संपल्यावर खाते तसेच ठेवले, तर?

अर्ज देऊन खाते आणखी पाच वर्षे हप्ते भरत चालवता येते आणि त्या काळातही मूळ खाते उघडतानाचाच दर मिळतो. जानेवारी २०२० मध्ये ७.२ टक्क्यांनी उघडलेल्या खात्याला मुदतवाढ घेणे म्हणूनच फायद्याचे ठरते, तर ५.८ टक्क्यांचे खाते वाढवण्यापेक्षा बंद करून त्या दिवशीच्या दराने नवे उघडणे बरे. तुलना करण्यासाठी लागणारी तारीख पहिल्या पानावरच असते. हप्ते न भरताही खाते मुदतीनंतर पाच वर्षांपर्यंत ठेवता येते.

पासबुकातील नोंद चुकीची असेल, तर दुरुस्ती कशी होते?

रक्कम, तारीख किंवा शिल्लक चुकली असल्यास स्वतः खाडाखोड करू नये. त्या महिन्याची शिक्क्याची स्लिप, कार्ड किंवा ॲपची पावती घेऊन काउंटरवर जावे आणि संगणकातील नोंदीशी पासबुक ताडून पाहण्याची विनंती करावी. छपाई यंत्र बंद असताना हाताने लिहिलेली नोंद सही आणि तारखेच्या शिक्क्यासह आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी पाहावे, आणि पुढच्या वेळी ती संगणकात आली आहे याची खात्री करून घ्यावी.

खाते बंद करताना पासबुकाचे काय होते?

मुदतपूर्तीनंतर खाते बंद करण्याच्या अर्जासोबत पासबुक पोस्टात जमा करावे लागते. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख मिळत नाही, ती बचत खात्यात किंवा धनादेशाने दिली जाते. म्हणून जाण्यापूर्वी बचत खात्याचा क्रमांक सोबत घ्यावा आणि आरडीच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची व सर्व नोंदींची छायाप्रत काढून ठेवावी. जमा झालेली रक्कम घरी काढलेल्या आकड्यापेक्षा कमी निघाली, तर कोणता हप्ता मोजला गेला नाही हे दाखवायला तीच प्रत उपयोगी पडते. शिवाय आरडीचे व्याज करपात्र असल्यामुळे विवरणपत्र भरताना मुद्दल आणि व्याज वेगळे काढण्यासाठीही ती लागते.